आकडा वर, ग्रॅम खाली

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या सुपारीच्या बागांत फवारणीची धांदल उडते. पावसात सुपारीवर कोळेरोग येतो, कोवळी फळं कुजतात आणि झाडाखाली त्यांचा सडा पडतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण. मोरचूद, चुना आणि पाणी, बस्स. कृती सोपी आहे, पण प्रमाण बिघडलं तर औषध लागू पडत नाही, नाहीतर उलट झाडालाच चटका बसतो. म्हणून आमच्या गावच्या बागायतदारांनी मोठ्या अक्षरांतलं एक पत्रक काढायचं ठरवलं. घरातला संगणकवाला मी, त्यामुळे अक्षरजुळणी माझ्या गळ्यात पडली.

आडव्या ए-फोर कागदाला दोन घड्या घातल्या की तीन अरुंद पानं मिळतात. प्रत्येक पानावर मजकुराची रुंदी जेमतेम आठ सेंटिमीटर. माझ्या पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत होतं. फाईल छपाईला गेली, गठ्ठा आला, आणि दुसऱ्या दिवशी काका पत्रक हातात घेऊन ओटीवर उभे. "अरे, 'ग्रॅम चुना १००' हे काय लिहिलंयस? आपण आधी आकडा सांगतो, मग ग्रॅम."

मी पत्रक हातात घेतलं. त्यावर ओळी अशा पडल्या होत्या:

दहा लिटर मिश्रणासाठी मोरचूद १००
ग्रॅम, चांगला कळीचा चुना १००
ग्रॅम आणि स्वच्छ गाळलेले पाणी १०
लिटर घ्यावे.

व्याकरणात चूक नव्हती, आकड्यांत नव्हती, शुद्धलेखनातही नव्हती. पण प्रत्येक आकडा ओळीच्या टोकाला लटकलेला आणि त्याचं एकक खालच्या ओळीच्या तोंडाशी. काका एकेक ओळ एका दमात वाचत होते, बागेत उभं राहून कुणीही तसंच वाचेल. मग दुसरी ओळ "ग्रॅम, चांगला कळीचा चुना १००" अशी होते. शंभर काय? किलो? पुढच्या ओळीत "पाणी १०". दहा काय? बादल्या? काकांना प्रमाण तोंडपाठ होतं म्हणून चूक माझ्यापुरती राहिली. पत्रक मात्र ज्यांना प्रमाण माहीत नाही त्यांच्यासाठीच काढलं होतं.

माझ्या पडद्यावर या ओळी अशा नव्हत्या, मग छापताना कशा झाल्या? मी वापरलेला फॉन्ट छपाईच्या संगणकावर नव्हता. अशा वेळी वर्ड तक्रार करत नाही, जवळचा दुसरा देवनागरी फॉन्ट गुपचूप घेतो. त्या फॉन्टची अक्षरं केसभर रुंद असली तरी पुरतं. प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द खाली उतरतो आणि तिथून पुढच्या सगळ्या ओळी नव्याने पडतात. टाइपाचा आकार एक अंकाने वाढवला, समास कमी केला, मधे एक शब्द घातला, तरी हेच होतं. वर्डच्या फाईलमधली ओळ कायमची नसते. तो फक्त या क्षणीचा हिशोब असतो.

हा हिशोब फार साधा आहे. संगणक परिच्छेदातले शब्द एकामागोमाग ओळीत बसवत जातो. पुढचा शब्द मावला नाही की त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेवर ओळ मोडतो आणि तो शब्द खाली घेतो. मोकळी जागा, म्हणजे स्पेसबारने उमटते ती, ही त्याच्या दृष्टीने ओळ मोडायची परवानगी असते. "चुना" आणि "१००" यांच्यामध्ये परवानगी आहे, तशीच "१००" आणि "ग्रॅम" यांच्यामध्येही आहे. "१०० ग्रॅम" मिळून एकच गोष्ट होते हे त्याला कोण सांगणार?

खिळ्यांच्या छापखान्यात हे सांगायला जुळारी होता. शब्दांमधली जागासुद्धा तिथे शिशाचा एक बुटका कोरा तुकडा असायची आणि जुळारी ओळ भरताना हे तुकडे कमी-जास्त जाडीचे निवडायचा. ओळीच्या टोकाला नुसता आकडा उरतोय असं दिसलं की मधल्या फटी थोड्या वाढवून तो आकडा खाली ढकलणं, किंवा फटी आवळून एककही वर ओढून घेणं, हे त्याच्या हातात असे. संगणकाने जुळाऱ्याचा हात घेतला, नजर घेतली नाही.

ती नजर थोडीफार परत मिळावी म्हणून संगणकाच्या अक्षरसंचात एक वेगळी मोकळी जागा आहे. दिसायला नेहमीच्या जागेसारखीच, रुंदीही तेवढीच, पण तिच्यावर ओळ मोडायची परवानगी नाही. इंग्रजीत तिला नॉन-ब्रेकिंग स्पेस म्हणतात, मी तिला अतूट जागा म्हणतो. युनिकोडमध्ये साध्या जागेचा क्रमांक ३२ आहे आणि हिचा १६०, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिला तर U+00A0. युनिकोडच्या आधीच्या युरोपीय अक्षरसंचांतही ती १६० याच घरात होती. ओळी कुठे मोडाव्यात याचे जे नियम युनिकोड देतं, त्यांत या जागेचा वर्गच "डिंक" असा आहे. डावीकडचं आणि उजवीकडचं ती चिकटवून ठेवते. डोनाल्ड कनुथ यांनी गणिती छपाईसाठी टेक ही प्रणाली केली तेव्हा त्यांनी हेच काम `~` या चिन्हाला दिलं आणि त्याला "टाय", म्हणजे गाठ, असं नाव दिलं. गाठ हा शब्द मला डिंकापेक्षा जास्त आवडतो, कारण ती मारणारा माणूस लागतो.

आता गाठ मारायची कशी ते सांगतो. विंडोजवरच्या वर्डमध्ये "१००" टाइप करा, मग नुसता स्पेसबार न दाबता `Ctrl+Shift+Space` दाबा, मग "ग्रॅम" टाइप करा. लिबरऑफिस रायटरमध्येही याच कळा चालतात. मॅकवरच्या वर्डमध्ये `Option+Space` दाबायचं. मराठी कळफलक चालू असताना एखाद्या संगणकावर या कळा दाद देत नसतील, तर वर्डच्या `Insert` मेनूत `Symbol`, मग `More Symbols` आणि त्यातल्या `Special Characters` या यादीत `Nonbreaking Space` नावाने ती सापडते. एकदा घातली की तिथून कॉपी करून हवी तिथे चिकटवता येते.

पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, आणि इथेच बहुतेक जण गोंधळतात. गाठ बसली की नाही हे कळायला वर्डमध्ये ¶ या चिन्हाचं बटण दाबावं लागतं. मग एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतात. साध्या जागेच्या जागी ओळीच्या मध्यावर एक बारीक टिंब दिसतं आणि अतूट जागेच्या जागी इवलंसं वर्तुळ दिसतं, तापमानाच्या अंशाच्या खुणेसारखं. ते फक्त पडद्यावर दिसतं, छापलं जात नाही. पहिल्यांदा पाहिल्यावर मी ते पुसायला निघालो होतो. लिबरऑफिस त्याऐवजी त्या जागेमागे करडा रंग देतं आणि तोही छापला जात नाही.

या खुणा दिसू लागल्या की सगळ्यात नेहमीची चूकही लगेच दिसते. "१००" आणि "ग्रॅम" यांच्यामध्ये टिंब आणि वर्तुळ दोन्ही असतात. म्हणजे अतूट जागा घातली, पण आधीची साधी जागा काढली नाही. एवढ्याने गाठ सुटते, कारण परवानगी देणारी एक जागा अजून तिथेच बसलेली आहे. "गाठ मारली तरी ओळ तुटतेच" अशी तक्रार कुणी केली की मी आधी हे टिंब शोधतो.

पत्रकात गाठी मारण्याआधी मी जे उपाय केले होते तेही सांगतो, कारण सगळे जण आधी तेच करतात. पहिला उपाय म्हणजे आकड्याच्या आधी `Enter` किंवा `Shift+Enter` मारून आकडा आपणच खाली ढकलायचा. त्या क्षणी ओळ सुंदर दिसते. पण फॉन्ट बदलला की आधीची ओळ निम्म्यातच संपते आणि कारण नसताना कागदावर मोठी पोकळी दिसते. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ केलेला असेल तर `Shift+Enter` आणखी वाईट. वर्ड त्या तोकड्या ओळीतले शब्द ताणून समासापर्यंत नेतं आणि तीन शब्द एकमेकांपासून तुटल्यासारखे लांब बसतात. दुसरा उपाय म्हणजे मधली जागाच काढून "१००ग्रॅम" असं जोडून लिहायचं. ओळ तुटत नाही हे खरं, पण वाचताना आकडा शब्दात घुसतो. मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची जी पुस्तिका पॅरिसजवळच्या मोजमाप कार्यालयाकडून निघते, तिच्यातही आकडा आणि एकक यांच्यामध्ये जागा हवीच असा नियम आहे. अपवाद फक्त कोनाच्या अंश, मिनिट आणि सेकंदाच्या खुणांचा. तापमानाला अपवाद नाही. म्हणून `30 °C` असं जागा सोडून लिहितात आणि ती जागाही अतूट लागते. मराठीत आपण "३०° से." असं लिहितो, तेव्हा गाठ अंशाची खूण आणि "से." यांच्यामध्ये मारायची.

माझ्या पत्रकात आकडे बरेच होते. मोरचूद ५ लिटर पाण्यात विरघळवा, चुना वेगळ्या ५ लिटर पाण्यात कालवा, बादल्या प्लास्टिकच्या घ्या, दोन्ही द्रावणं एकत्र करा, लोखंडी सुरी मिश्रणात बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, पहिली फवारणी पावसाआधी आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, वगैरे. एकेका आकड्यापाशी जाऊन जागा बदलायची म्हटलं तर एक-दोन तरी सुटणारच. म्हणून हे काम शोधा-आणि-बदला या सोयीकडून करून घ्यावं.

वर्डमध्ये `Ctrl+H` दाबा, `More` वर टिचकी मारा आणि `Use wildcards` या चौकोनात खूण करा. मग वरच्या रकान्यात आणि खालच्या रकान्यात हे टाइप करा:

```
Find what:     ([0-9०-९]) (लिटर)
Replace with:  \1^s\2
```

वरच्या ओळीचा अर्थ असा: कोणताही एक अंक, मग एक साधी जागा, मग "लिटर". अंक इंग्रजी असो की देवनागरी, चौकटी कंसात दोन्ही दिले आहेत, कारण आपल्या फाईलींमध्ये दोन्ही सरमिसळ असतात. गोल कंस म्हणजे "हा भाग लक्षात ठेव". खालच्या ओळीत `\1` म्हणजे लक्षात ठेवलेला अंक, `\2` म्हणजे लक्षात ठेवलेलं "लिटर", आणि मधलं `^s` ही वर्डच्या भाषेतली अतूट जागा. आकडा कितीही मोठा असला तरी शेवटचा एक अंक पकडला की पुरे, कारण जागा त्याच्याच शेजारी आहे. "लिटरला", "लिटरमध्ये", "लिटरचा" असे प्रत्यय लागलेले शब्दही यात येतात, सुरुवात "लिटर" अशीच असते म्हणून.

कुणी "५लिटर" असं जोडून लिहिलं असेल तर वरच्या ओळीतली मधली जागा काढून हीच अदलाबदल पुन्हा चालवा, मग तिथेही अतूट जागा येऊन बसेल. उलट कुणी स्पेसबार दोनदा दाबला असेल तर आधी दुहेरी जागांच्या एकेरी करून घ्या.

वर्डच्या या पद्धतीत "लिटर किंवा ग्रॅम किंवा किलो" असं एका दमात सांगता येत नाही, प्रत्येक एककासाठी एकदा चालवावं लागतं. पत्रकासाठी मी पाच वेळा चालवलं: लिटर, ग्रॅम, किलो, टक्का आणि दिवस. लिबरऑफिसमध्ये `Regular expressions` ही खूण केली तर `(लिटर|ग्रॅम|किलो)` असं एकत्र देता येतं. तिथे खालच्या रकान्यात `$1`, मग मजकुरातून कॉपी केलेली खरी अतूट जागा, मग `$2` असं लिहायचं. दोन्हीकडे काम मूळ फाईलवर करू नका, नक्कल करून तिच्यावर करा.

`Replace All` डोळे मिटून दाबायचं नाही, यालाही मराठीत खास कारण आहे. आपली काही संक्षिप्त एककं दुसऱ्याच शब्दांसारखी दिसतात. मीटरसाठी "मी" लिहितात, आणि "मी" म्हणजे मीसुद्धा. हेक्टरसाठी "हे" लिहितात, आणि "हे" तर प्रत्येक परिच्छेदात असतं. "तास" शोधाल तर "ता. ५ तासगाव" हेही सापडेल. नको तिथे गाठ बसली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण ओळी उगाच अडतात. अशा शब्दांपुरतं `Find Next` आणि `Replace` करत एकेक पाहून पुढे जावं. खरं तर "मी" आणि "हे" ही एककं सर्वसाधारण वाचकांच्या मजकुरात लिहूच नयेत असं माझं मत आहे. मीटर आणि हेक्टर लिहायला कितीशी जागा लागते?

"कि. मी." हा आणखी एक खोडकर प्रकार आहे. टिंबं देऊन आणि मधे जागा सोडून लिहिलं की "१२ कि. मी." यात मोडायच्या दोन जागा तयार होतात. पहिली बांधली तरी दुसरीवर ओळ मोडते आणि पुढची ओळ "मी." ने सुरू होते, जणू कुणी आपली ओळख करून देतंय. एकतर दोन्ही जागा अतूट करा, किंवा "किमी" असं सलग लिहा. मी सलग लिहितो. "रु. ५००" मध्ये एकक आधी आणि आकडा नंतर असतो, पण गाठ तशीच लागते, नाहीतर "रु." वर राहतो आणि रक्कम खाली जाते. "₹५००" असं मधे जागा न सोडता लिहिलं तर मात्र काहीच करावं लागत नाही, कारण मोडायला जागाच नाही. याच कारणाने "१,५०,०००" मधल्या स्वल्पविरामांपाशीही ओळ मोडत नाही.

लाख आणि कोटी यांचं काय? हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा, कारण ही नुसती एककं नाहीत, त्यांनी आकड्याची किंमतच बदलते. ओळीच्या शेवटी "खर्च रु. ३" आणि पुढच्या ओळीत "लाख ५० हजार" असं छापलं तर वाचणाऱ्याचा डोळा आधी तीन रुपयांवर थांबतो. "३ लाख" बांधा, "५० हजार" बांधा, "रु." पहिल्या आकड्याला बांधा. पण "लाख" आणि "५०" यांच्यामध्ये साधी जागाच राहू द्या. तिथे ओळ मोडली तर अर्थ मोडत नाही, आणि सगळी रक्कम एकाच गाठोड्यात बांधली तर ते अरुंद रकान्यात कुठेच नीट बसत नाही.

इथे गाठींची मर्यादा येते. बांधलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने एक लांब शब्दच असतो. तो मावला नाही की सगळाच्या सगळा खाली जातो आणि वरच्या ओळीत पोकळी राहते. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ असेल तर ही पोकळी उरलेल्या शब्दांमध्ये वाटली जाते आणि ओळ विरविरीत दिसते. मराठी शब्द ओळीच्या टोकाला आडवी रेघ देऊन तोडण्याची सोय आपण सहसा वापरत नाही, त्यामुळे अरुंद रकान्यात आधीच फटी मोठ्या पडतात आणि गाठींनी त्यांत भर पडते. वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत आणखी एक गंमत होती. ओळीतल्या इतर जागा ताणल्या गेल्या तरी अतूट जागा ताणली जात नसे, त्यामुळे "१०० ग्रॅम" तेवढंच चिकटून बसलेलं दिसे. माझ्या आठ सेंटिमीटरच्या रकान्यात मी मजकूर फक्त डावीकडून सरळ ठेवला आणि उजवी कड वेडीवाकडी सोडली. तिथे फटी वाढायचा प्रश्नच येत नाही.

"४० ते ४५ दिवसांनी" यावर मी बराच वेळ घालवला. तिन्ही जागा बांधल्या तर गाठोडं रकान्याच्या निम्म्याहून मोठं होत होतं. शेवटी "४५ दिवसांनी" बांधलं आणि "४० ते" बांधलं, पण "ते" आणि "४५" यांच्यामध्ये साधी जागा ठेवली. ओळ "४० ते" वर संपली तर वाचणाऱ्याला पुढे काहीतरी येतंय हे कळतं. नुसत्या "४५" वर संपली असती तर कळलं नसतं. तेच "४०-४५" असं आडव्या रेघेने लिहिलं असतं तर वेगळीच अडचण होती. वर्ड त्या रेघेनंतरही ओळ मोडतं. त्यासाठी न मोडणारी रेघ वेगळी आहे, ती `Ctrl+Shift` आणि रेघेची कळ एकत्र दाबून येते.

अक्षरांत लिहिलेल्या प्रमाणांना मी गाठ मारत नाही. "अडीच किलो", "पाऊण लिटर", "दीड तास" यांतलं "अडीच" ओळीच्या शेवटी राहिलं तरी तो शब्द आहे, वाचणारा आपोआप पुढे काय ते शोधतो. अंक मात्र एकटा राहिला की पूर्ण झाल्यासारखा दिसतो. माझ्या पत्रकातला "दहा लिटर" म्हणूनच मोकळा आहे आणि त्याच वाक्यातला "१० लिटर" बांधलेला.

सगळं झाल्यावर तपासणी दोन वेळा करावी. पहिल्यांदा शोधायच्या रकान्यात नुसतं `^s` लिहून `Reading Highlight` मधून `Highlight All` केलं की जिथे जिथे गाठ आहे तिथे रंगाची बारीक फीत दिसते. दुसऱ्यांदा `Use wildcards` ची खूण करून `[0-9०-९]` आणि त्यापुढे एक साधी जागा एवढंच शोधा. आता उरलेत ते असे अंक, ज्यांच्यापुढची जागा अजून मोकळी आहे. त्यांतले बरेच योग्यच असतील, "कलम ५ नुसार" सारखे. पण माझ्या पत्रकात या दुसऱ्या तपासणीत "१ टक्के" सापडलं. मी "टक्का" शोधलं होतं आणि एका ठिकाणी चुकून "टक्के" लिहिलं होतं. गाठ शोधता शोधता व्याकरणाची चूक हाती लागली.

पत्रकातल्या मजकुराचा पुढे कुणी हिशोबाच्या तक्त्यात वापर करणार असेल, तर त्याला एक सूचना देऊन ठेवा. अतूट जागा कॉपी करताना सोबत जाते. एक्सेलमध्ये "१००" या आकड्यामागे ती चिकटून आली की एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर मानतं आणि बेरजेत धरत नाही. नेहमीच्या मोकळ्या जागा काढणारं `TRIM` हे सूत्र या जागेला हात लावत नाही, कारण ते फक्त ३२ क्रमांकाची जागा ओळखतं. तिथे १६० चं नाव घेऊनच सांगावं लागतं:

```
=VALUE(SUBSTITUTE(A1,CHAR(160),""))
```

आमच्या गटातल्या एका मुलाने खतांच्या दरांचा तक्ता असाच पत्रकातून उचलला होता. बेरीज शून्य येत होती आणि तो दोन तास एक्सेलला शिव्या देत बसला होता.

दुसऱ्या वर्षी पत्रक पुन्हा छापलं. या खेपेला काकांच्या आग्रहाने टाइप १२ वरून १६ वर नेला आणि छपाईही दुसऱ्याच संगणकावरून झाली. एकही ओळ आधीच्या जागी राहिली नाही. मूळ चार ओळींच्या त्या वाक्याच्या सहा ओळी झाल्या. काकांनी पत्रक गोठ्याच्या दारावर चिकटवलं आहे, आणि त्यातली एकही ओळ "ग्रॅम"ने सुरू होत नाही.